बेरजेत दशांश किती ठेवायचे?

आगरवाडोच्या मिठाचे तीन नमुने लेकीने तीन वेगवेगळ्या काट्यांवर तोलले: 12.5, 3.26 आणि 0.863 ग्रॅम. कॅल्क्युलेटरने 16.623 दाखवलं, तिने तेच वहीत उतरवलं. पण पहिला काटा एकाच दशांशापर्यंत सांगतो!

1. आकडे दशांशचिन्हाखाली दशांशचिन्ह येईल असे मांडा, न मोजलेल्या जागी प्रश्नचिन्ह:

```
 12.5??
  3.26?
  0.863
```

2. बेरीज पूर्ण करा.
3. पहिल्या प्रश्नचिन्हाच्या रकान्याआधीच्या अंकापर्यंत पूर्णांकन करून थांबा. उत्तर 16.6 ग्रॅम.

बेरजेत सार्थ अंक मोजू नका. 0.863 मध्ये तीन आहेत आणि 12.5 मध्येही तीनच, तरी अडवतो 12.5.

सांभाळा: आधी पूर्णांकन नको. 12.5 + 3.3 + 0.9 केलं तर 16.7 येतं.