अरबीतलं द्विवचन आणि लिंग मराठीत आणताना या चुका टाळा

अरबीत एक, दोन आणि दोनापेक्षा जास्त अशी तीन वचनं आहेत. मराठीत द्विवचन नाही, पण अनुवादात घोळ होतो तो तेवढ्यामुळे नाही. मराठीचं अनेकवचन आदरार्थीही चालतं, हे खरं कारण आहे. ‘ते म्हणाले’ हे पाच जणांबद्दल असू शकतं, दोघांबद्दल असू शकतं आणि एकट्या मंत्र्याबद्दलही असू शकतं. अरबीत ‘अक्कदा’ लिहिलं की ठामपणे सांगणारे नेमके दोन होते हे क्रियापदच सांगतं. मराठीत नुसतं ‘त्यांनी’ लिहिलं की ते दोघे कोणाही एका आदरणीय व्यक्तीत विरघळून जातात. पुढच्या बहुतेक चुका याच जागी होतात.

‘-ऐन’ आणि ‘-ईन’ एकच समजणं

छापील अरबीत ऱ्हस्व स्वरांच्या खुणा सहसा नसतात. त्यामुळे ‘मुदर्रिसैनि’ (दोन शिक्षक) आणि ‘मुदर्रिसीन’ (बरेच शिक्षक) ही दोन्ही रूपं कागदावर अक्षरशः सारखी दिसतात: शेवटी ‘या’ आणि ‘नून’. कर्त्याच्या रूपात ही अडचण येत नाही, कारण तिथे ‘मुदर्रिसानि’ला अलिफ असतो आणि ‘मुदर्रिसून’ला वाव. घोटाळा होतो तो कर्म असताना किंवा शब्दयोगी अव्ययानंतर.

पहिली कसोटी त्या शब्दाच्या अनेकवचनाची. ‘किताब’चं अनेकवचन ‘कुतुब’, ‘शहर’ म्हणजे महिना याचं ‘अश्हुर’ किंवा ‘शुहूर’, ‘सफ़ीर’ म्हणजे राजदूत याचं ‘सुफ़रा’. ही अनेकवचनं शब्दाचा साचाच मोडून होतात, म्हणून ‘किताबैनि’, ‘शहरैनि’, ‘सफ़ीरैनि’ ही रूपं द्विवचनीच असतात. ‘मुअल्लिमा’सारख्या स्त्रीलिंगी शब्दांचं अनेकवचन ‘मुअल्लिमात’ होतं, म्हणून तिथे ‘-तैनि’ दिसलं की दोघी, यात शंका नाही. खरी शंका फक्त पुरुषवाचक ‘-ऊन/-ईन’ गटात उरते: शिक्षक, अभियंते, पत्रकार, कर्मचारी, इजिप्शियन.

दुसरी कसोटी विशेषणाची. ‘मुअल्लिमीन जुदुद’ असेल तर नवे शिक्षक बरेच आहेत, कारण ‘जुदुद’ हे अनेकवचन आहे. दोन असते तर ‘जदीदैनि’ आलं असतं. मात्र ‘अल-मुहंदिसीन अल-मिस्रिय्यीन’मध्ये विशेषणही त्याच गटातलं असल्यामुळे कसोटी लागू पडत नाही. मग पुढे ‘हुमा’ (ते दोघे) येतं की ‘हुम’ (ते सर्व), तोच शब्द कुठे कर्त्याच्या रूपात आला आहे का, नावं किती दिली आहेत, हे शोधावं. काहीच सापडलं नाही तर मराठीत साधं ‘अभियंत्यांना’ लिहावं. प्रत्यक्षात दोघे असले तरी हे चूक ठरत नाही. उलट पाच जणांना ‘दोन अभियंते’ म्हटलं तर ती सरळ चूक.

‘-ईन’ने संपणारा प्रत्येक शब्द या गटातला नसतो. ‘क़वानीन’ (कायदे), ‘इश्रीन’ (वीस), ‘फ़लस्तीन’ यांचा द्विवचनाशी संबंध नाही. सर्वात जास्त फसवतात ते ‘सिनीन’ आणि ‘सनतैनि’. पहिला म्हणजे बरीच वर्षं, दुसरा म्हणजे दोन वर्षं, आणि लिहिताना फरक एका ‘ता’चा. हमीपत्रात किंवा कराराच्या मुदतीत हा फरक फार महाग पडतो.

संख्या शब्दातच असते हे विसरणं

‘शहरैनि’ लिहिल्यावर अरबी माणूस पुढे ‘दोन’ हा शब्द लावत नाही. ठासून सांगायचं असेल तेव्हाच ‘इथ्नैनि’ येतं. त्यामुळे करार तपासताना मूळ मजकुरातले आकडे आणि संख्यावाचक शब्द तेवढे जुळवले, तर गाळलेला ‘दोन’ सापडतच नाही. करारांच्या शेवटी ‘हुर्रिर हाज़ल-अक़्दु मिन नुस्ख़तैनि’ अशा अर्थाचं वाक्य असतं. त्याचं मराठी ‘हा करार दोन प्रतींत करण्यात आला आहे’ असं हवं. ‘प्रतींमध्ये’ एवढंच लिहिलं तर प्रती किती, हा पुढच्या भांडणाचा विषय होतो. तपासणीच्या वेळी मूळ मजकुरातलं प्रत्येक ‘-आनि’ आणि ‘-ऐनि’ अधोरेखित करावं आणि मराठीत त्यासमोर काय आलं ते एकेक करून पाहावं.

एक रूप यातूनही निसटतं. द्विवचनी शब्दानंतर लगेच षष्ठीतलं नाम आलं की ‘नून’ गळतो. ‘मुवज़्ज़फ़ानि’ म्हणजे दोन कर्मचारी, पण ‘बँकेचे दोन कर्मचारी’ म्हणताना ‘मुवज़्ज़फ़ल-बन्क’ होतं आणि कागदावर शेवटी नुसता अलिफ उरतो. हाच अलिफ एकवचनी ‘मुवज़्ज़फ़न’च्या (एका कर्मचाऱ्याला) शेवटीही असतो. मध्ये शब्दयोगी अव्यय नसताना लगेच ‘अल-’वालं नाम आलं आणि ते त्या शब्दाचं मालक वाटत असेल, तर तो अलिफ द्विवचनाचा आहे असं धरून वाक्य परत वाचावं.

प्रत्येक ठिकाणी ‘दोन’ चिकटवणं

हे दुसरं टोक. ‘फ़तह ऐनैहि’चं मराठी ‘त्याने डोळे उघडले’. ‘दोन डोळे उघडले’ म्हटलं की वाचक तिसरा शोधू लागतो. हात, पाय, कान, खांदे यांचंही तसंच. एका हाताशी तुलना असेल तरच ‘दोन्ही हातांनी’.

काही द्विवचनं जोडीची नावं आहेत. ‘वालिद’ म्हणजे वडील, पण ‘अल-वालिदानि’ म्हणजे आईवडील. ‘क़मर’ म्हणजे चंद्र, पण ‘अल-क़मरानि’ म्हणजे सूर्य आणि चंद्र. ‘अर-राफ़िदानि’ म्हणजे तैग्रिस आणि युफ्रेटिस, म्हणून ‘बिलादुर-राफ़िदैनि’ म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक. ‘अल-हरमैनि’ म्हणजे मक्का आणि मदिना इथली दोन पवित्र स्थानं. सौदी राजे 1986 पासून वापरत असलेल्या ‘ख़ादिमुल-हरमैनि’ या बिरुदात दोन हा आकडा अर्थाचा भाग आहे, म्हणून तिथे तो मराठीत राहिलाच पाहिजे.

उरलेल्या ठिकाणी ‘अल-’ हा उपपद पाहून निर्णय सोपा होतो. ‘अल-’ नसेल तर ‘दोन’: ‘रजुलानि’ म्हणजे दोन पुरुष, कुणीतरी. ‘अल-’ असेल तर बहुधा ‘दोन्ही’ किंवा ‘ते दोघे’, कारण ते आधीच कळलेले असतात. करारातल्या ‘अत-तरफ़ानि’ला मराठी कायद्याच्या भाषेत ‘उभय पक्ष’ हा तयार शब्द आहे, तोच वापरावा.

बोलीभाषांत द्विवचन नामापुरतं उरलं आहे. विशेषण, सर्वनाम आणि क्रियापद अनेकवचनात जातात. आखातात काम केलेल्या कोकणातल्या लोकांच्या कानावर हीच अरबी पडलेली असते, म्हणून लेखी भाषेतली ‘यक्तुबानि’सारखी क्रियापदं त्यांना अनोळखी वाटतात. बोलीत ‘किल्मितेन’ म्हणजे मोजून दोन शब्द असं नसतं. आपण ‘दोन शब्द बोलायचे आहेत’ म्हणतो तसंच ते, आणि अनुवादही तसाच ठेवावा.

क्रियापद एकवचनी दिसलं म्हणून कर्ता एक मानणं

अरबी वाक्य क्रियापदाने सुरू झालं की ते क्रियापद एकवचनीच राहतं, कर्ते कितीही असोत. ‘ज़हबतिल-बिन्तानि’ म्हणजे ‘दोन्ही मुली गेल्या’, जरी ‘ज़हबत’ एकवचनी असलं तरी. लिंग मात्र जुळतं. पुढच्या वाक्यात कर्ता न सांगता क्रियापद आलं की ते द्विवचनी होतं: ‘दख़लता’, त्या दोघी आत गेल्या.

‘तक्तुबानि’ला दोन अर्थ आहेत: ‘तुम्ही दोघे किंवा दोघी लिहिता’ आणि ‘त्या दोघी लिहितात’. संवादात हे रूप आलं की आधी बोलणं कोणाशी चाललं आहे ते ठरवावं. ‘अन्तुमा’चं नुसतं ‘तुम्ही’ करू नये, कारण मराठी वाचक ते एका वडीलधाऱ्या माणसाला उद्देशून आहे असं समजेल. पहिल्यांदा ‘तुम्ही दोघं’ म्हणावं, पुढे ‘तुम्ही’ चालेल.

हे वाक्य पाहा:

‘इल्तक़ल-वज़ीरु बिस-सफ़ीरैनि, थुम्म अक्कदा लिस-सहफ़िय्यीन अन्नल-मुहादथाति सतस्तमिर्रु.’

घाईतलं मराठी असं होतं: ‘मंत्र्यांनी राजदूतांची भेट घेतली. त्यानंतर चर्चा सुरूच राहील असं त्यांनी पत्रकारांना सांगितलं.’ वाक्य नीट वाचता येतं, पण बातमी बदलली. मराठी वाचक ‘त्यांनी’ म्हणजे मंत्र्यांनी असंच धरेल. मुळात ‘अक्कदा’ द्विवचनी आहे. मंत्री एकटे असते तर ‘अक्कद’, तिघे मिळून बोलले असते तर ‘अक्कदू’. म्हणजे बोलले ते फक्त राजदूत. ‘सहफ़िय्यीन’ हे कागदावर ‘दोन पत्रकार’ही असू शकतं, पण भेटीनंतर पत्रकारांशी बोलण्याच्या संदर्भात ते अनेकवचनच. आणि ‘सतस्तमिर्रु’ स्त्रीलिंगी एकवचनी आहे, कारण माणसं नसलेल्या अनेकवचनाला अरबी तसंच वागवते. ‘मुहादथात’ मात्र अनेकवचन आहे, म्हणजे वाटाघाटी. दुरुस्त मराठी: ‘मंत्र्यांनी दोन्ही राजदूतांची भेट घेतली. वाटाघाटी सुरूच राहतील, असं या राजदूतांनी त्यानंतर पत्रकारांना ठामपणे सांगितलं.’ सर्वनामाऐवजी नाम पुन्हा लिहिलं की प्रश्न सुटतो, आणि ‘दोन’ एकदाच सांगून भागतं.

माणसांखेरीजच्या अनेकवचनाचा हा नियम सर्वनामालाही लागतो. शब्दाच्या शेवटी जोडलेलं अरबी ‘-हा’ हे सर्वनाम ‘तिचा’ही असतं आणि ‘त्या वस्तूंचा’ही. कंपनी आणि तिचे अहवाल एकाच वाक्यात असतील तर ‘तिची परिशिष्टं’ लिहिण्याआधी ती कंपनीची की अहवालांची, हे पाहावं. दोनच अहवाल असते तर ‘हुमा’ आलं असतं, कारण द्विवचनात वस्तूंनाही द्विवचनच लागतं.

लिंग: अरबी सांगत नाही तिथे मराठी विचारते

‘हुमा’ला लिंग नाही, ‘कतबा’ला आहे, पण ते पुल्लिंग दोन पुरुषांनाही चालतं आणि एक पुरुष व एक स्त्री यांनाही. मराठीत मात्र ‘ते दोघे’, ‘त्या दोघी’ आणि ‘ती दोघं’ असे तीन पर्याय आहेत. नवरा-बायकोबद्दल ‘ते दोघे आले’ लिहिलं तर वाचकाला दोन पुरुष दिसतात. तिथे ‘ती दोघं आली’ हवं. जोडी कोणाची ते कळत नसेल तर सकर्मक क्रियापद आणि भूतकाळ वापरून ‘दोघांनी सांगितलं’ अशी रचना करावी, त्यात हे दोन अर्थ उघडे राहतात. ‘कतबता’ असं स्त्रीलिंगी रूप असेल तर मात्र ‘दोघींनी’ लिहायलाच हवं.

प्रथमपुरुषात तर अरबी लिंग सांगतच नाही. ‘ज़हब्तु’चं मराठी ‘मी गेलो’ की ‘मी गेले’? सवयीने पुल्लिंग टाकणं ही सर्वात जास्त होणारी चूक, आणि निनावी पत्रात, जबाबात किंवा मुलाखतीत ती बोलणाऱ्याची ओळखच बदलते. आधी मजकुरात विशेषण शोधावं: ‘अना मुत्अबतुन’ (मी थकले आहे) असं एखादं वाक्य पुढे असेल तर बोलणारी स्त्री आहे. काहीच नसेल तर ‘मी पाहिलं’, ‘मला वाटतं’, ‘मला जायचं होतं’ या रचना लिंग उघड करत नाहीत. ‘जाणं’, ‘येणं’, ‘बसणं’ यांना मात्र हा आडमार्ग फार वेळ पुरत नाही. ‘माझं जाणं झालं’ असं दोन परिच्छेद चाललं की मराठी कृत्रिम होते. अशा वेळी ज्याने मजकूर पाठवला त्याला बोलणारी व्यक्ती कोण हे विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत ती जागा खुणेने मोकळी ठेवावी.