सीक्रेट बोर्ड डिलीट करताय? आधी या चुका टाळा

माझ्या एका मैत्रिणीने पिंटरेस्टवर येणाऱ्या बाळाच्या खोलीसाठी सीक्रेट बोर्ड केला होता. त्यात दोनशेच्या आसपास पिना होत्या आणि भिंती, पाळणा, साठवण असे तीन सेक्शन. सोबतीला बहिणीलाही घेतलं होतं. मोजमाप लक्षात राहावं म्हणून तिने रिकाम्या खोलीचे स्वतः काढलेले दहा-बारा फोटोही त्यातच टाकले होते. खोली तयार झाली, बाळही आलं, आणि एका रात्री तिने ठरवलं की आता हा बोर्ड काढून टाकायचा. साठवणीच्या कल्पना तेवढ्या पुढे लागतील, म्हणून आधी सगळ्या पिना निवडून तिने त्या ‘घर’ नावाच्या दुसऱ्या बोर्डात हलवल्या. नको त्या नंतर सावकाश काढू, असा तिचा विचार होता.

‘घर’ हा बोर्ड सगळ्यांना दिसणारा होता. सकाळी एका ओळखीच्या बाईंचा मेसेज आला, “खोली छान आहे गं!” तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं.

इथे मुळातली गोष्ट समजून घ्यायला हवी. गुप्तपणा बोर्डाला असतो, पिनेला नाही. पिन जोवर कुलपाचं चिन्ह असलेल्या बोर्डात आहे, तोवर ती तुम्हाला आणि तुम्ही बोलावलेल्या माणसांनाच दिसते. ती उघड्या बोर्डात हलवली की त्या बोर्डाचे नियम तिला लागू होतात. `Merge` करून एक बोर्ड दुसऱ्यात मिसळतानाही हेच लक्षात ठेवा, कारण तिथे सगळ्या पिना एकदम जातात आणि त्या पुन्हा वेगळ्या करायला परतीची वाट नाही. म्हणून राखून ठेवायच्या पिनांसाठी आधी एक नवा बोर्ड करा, करतानाच `Keep this board secret` चालू करा, त्याच्या नावाजवळ कुलूप दिसतंय याची खात्री करा आणि मगच पिना हलवा. मैत्रिणीला एवढं दोन मिनिटांचं काम पुरलं असतं.

आता प्रत्यक्ष डिलीट करण्याकडे येऊ. प्रोफाइलवर जाऊन बोर्ड उघडायचा, तीन टिंबांवरून `Edit board` निवडायचं आणि खाली `Delete` शोधायचं. सीक्रेट बोर्डासाठीही हीच वाट आहे, वेगळी काही नाही. बोर्ड दिसतच नसेल, तर पहिल्यांदा तुम्ही योग्य खात्यात आहात का ते बघा. घरचं एक आणि कामाचं एक अशी दोन खाती असणाऱ्यांची इथेच गफलत होते. सीक्रेट बोर्ड दुसऱ्या खात्यातून दिसत नाही, म्हणून तो आधीच गेलाय असं वाटतं आणि मूळ खात्यात तो जसाच्या तसा पडून राहतो.

बोर्ड दिसतोय पण `Delete` नाही, असं असेल तर बहुधा तो तुम्ही केलेला नाही, तुम्ही त्यात फक्त सहभागी आहात. अशा वेळी तुम्ही त्यातून बाहेर पडू शकता, बोर्ड काढू शकत नाही. तो हक्क ज्याने बोर्ड केला त्याचाच. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: बोर्ड तुमचा असेल आणि तुम्ही तो काढलात, तर बहिणीने त्यात जमवलेल्या पिनाही त्याबरोबर जातात. तिने त्या स्वतःच्या बोर्डात सेव्ह केल्या असतील तर तिथे त्या राहतात, नाहीतर तिच्याही हातून गेल्या. तिला आधी एक फोन करा.

डिलीट करताना बोर्डाबरोबर त्यातले सगळे सेक्शन आणि सगळ्या पिना जातात. एखादं चित्र तुम्ही दुसऱ्या बोर्डातही सेव्ह केलं असेल, तर तिथली पिन मात्र शाबूत राहते, कारण ती वेगळी नोंद असते. समोर येणारी सूचना न वाचता पुढे जाऊ नका. डिलीट केलेला बोर्ड परत आणायला 7 दिवसांची मुदत मिळते, त्यानंतर तो कायमचा जातो. ही सवलत बोर्डाला आहे हे विसरून लोक बोर्ड ठेवतात आणि आतून सफाई करतात, एकेक पिन किंवा अख्खा सेक्शन उडवतात. अशा काढलेल्या पिना परत मिळत नाहीत, आणि सेक्शन डिलीट केला की त्यातल्या पिनाही जातात. नुसतं सेक्शनचं शीर्षक नको असेल, तर पिना आधी बाहेर काढा.

खरी जपायची गोष्ट म्हणजे तुम्ही स्वतः टाकलेले फोटो. दुसऱ्याच्या वेबसाइटवरून आलेलं चित्र बहुधा पुन्हा सापडतं, पण फोनमधून उडवलेला आणि फक्त बोर्डात उरलेला फोटो एकदा गेला की गेला. म्हणून आधी बोर्डावरून नजर फिरवा, आपले फोटो ओळखा आणि ते एकेक डाउनलोड करून घ्या. खात्याच्या सेटिंगमधून आपला डेटा मागवता येतो, पण ती सोय हे काम करील असं गृहीत धरू नका. फोटो हातात आलेत हे डोळ्यांनी बघा. बोर्ड नुसता नजरेआड करायचा असेल, तर `Archive` आहे. त्याने पिना जागच्या जागी राहतात आणि बोर्ड पुन्हा काढता येतो. पुढे लागेल की नाही याबद्दल मनात जराही शंका असेल, तर मी तरी आधी हेच करते.

मैत्रिणीने ‘घर’मधल्या पिना घाईघाईने काढल्या, पण रात्रभरात कोणी तिचा फोटो आपल्या बोर्डात सेव्ह केला असेल, तर तो तिच्या डिलीट करण्याने जात नाही. उघडा बोर्ड नंतर सीक्रेट केला तरी तसंच: पुढचं दिसणं थांबतं, आधी इतरांनी घेतलेलं परत येत नाही. सर्च इंजिनमध्येही काढलेल्या पानाची नोंद काही काळ दिसू शकते. गूगलवर अशी शिळी नोंद ताजी करण्याची विनंती करता येते, पण आधी मूळ पान खरोखर गेलेलं असावं लागतं. तुमचा स्वतः काढलेला फोटो दुसऱ्याच्या बोर्डात राहिला असेल, तर कॉपीराइटची तक्रार करण्याचा मार्ग आहे, कारण फोटो तुमचा आहे. इतरांच्या चित्रांबाबत तो हक्क तुम्हाला नाही.

बोर्ड गेला तरी पाळणे आणि छोट्या चादरी फीडमध्ये येतच राहतात, आणि तेव्हा लोकांना वाटतं की डिलीट नीट झालंच नाही. फीड केवळ बोर्डांवर चालत नाही. तुम्ही काय शोधलंत, कोणत्या पिना उघडल्यात, कोणाला फॉलो करता, हेही त्यात धरलं जातं. सेटिंगमध्ये होम फीड सुधारण्याचा विभाग आहे, तिथे नको ते विषय बंद करता येतात. काही बोर्ड ठेवायचे असतील आणि त्यांच्यावरून येणाऱ्या सुचवण्या नको असतील, तर त्याही तिथूनच बंद करा. समोर आलेल्या एखाद्या पिनेवर तीन टिंबांतून ती लपवली, तर तसली चित्रं कमी होत जातात. ज्यांना ती खोली आठवणंच त्रासदायक आहे, त्यांनी बोर्ड काढायच्या आधी याच विभागात जावं, म्हणजे दुसऱ्या दिवशी फोन उघडल्यावर तेच पुन्हा समोर येणार नाही.