गेममधल्या भाजीवालीची गोष्ट लिहिताय? या चुका टाळा

मालवणात जून-जुलै म्हणजे यांत्रिक मासेमारी बंद. 1 जून ते 31 जुलै होड्या किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या असतात आणि पोरं घरात कोंडलेली असतात. माझ्या भाचीने या पावसाळ्यात ‘स्कायरिम’ पुन्हा एकदा सुरुवातीपासून खेळायला घेतला. 2011 साली आलेला हा गेम तिच्या मोठ्या भावाच्या कॉम्प्युटरवर अजून आहे. खेळता खेळता तिने एक गोष्ट लिहिली. नायकाची नव्हे, व्हाइटरन शहराच्या बाजारात भाजी-फळं विकणाऱ्या कार्लोटाची. हातात वही घेऊन आली आणि म्हणाली, “मामा, वाच नि खरा सांग.”

कल्पना मला फार आवडली. पहिलं पान मात्र मधेच थांबून पुन्हा वाचावं लागलं. ड्रॅगनबॉर्न म्हणजे गेमचा नायक. ते पान असं होतं:

“ड्रॅगनबॉर्न पश्चिमेच्या बुरुजाकडून परत आला. त्याने मिरमुलनीर नावाच्या ड्रॅगनला मारून त्याचा आत्मा शोषून घेतला होता. मी त्याला कोबी दिला.”

मी विचारलं, “गो, तिका ह्या कसा कळला?” ती म्हणाली, “मी खेळलंय मां, माका म्हायत आसा.”

या प्रकारच्या लिखाणातली सगळ्यात मोठी चूक हीच. खेळाडूला जे माहीत असतं ते पात्राच्या तोंडात जातं. स्क्रीनवर ड्रॅगनचं नाव त्याच्या आरोग्यपट्टीसोबत दिसतं, कामांची यादी दिसते, नकाशावर बाण दिसतो. कार्लोटाच्या डोळ्यांसमोर असते फक्त बाजारपेठ. तिच्या शेजारी अनोरियाथचा मांसाचा ठेला आहे, फ्रालिया ग्रे-मेनचा दागिन्यांचा ठेला आहे, टोकाला बॅनर्ड मेअर ही खानावळ आहे. यार्लचा, म्हणजे शहराच्या अधिपतीचा, राजवाडा वर, टेकडीच्या माथ्यावर. बुरुज शहराच्या तटाबाहेर.

मग त्या दिवशी कार्लोटाला काय कळू शकतं? आम्ही दोघांनी बसून त्याची मांडणी केली. गेममध्ये घटनाक्रम असा: बुरुजावर ड्रॅगन आल्याची खबर राजवाड्यात येते, यार्लची अंगरक्षक इरिलेथ शिपाई घेऊन वेशीकडे जाते, बुरुजापाशी लढाई होते, ड्रॅगन मरतो. नायक शहराकडे परतत असताना आकाशात गडगडाट होऊन हाक ऐकू येते: “डोवाकीन”, म्हणजे ड्रॅगनबॉर्न. ती डोंगरावर राहणाऱ्या ग्रेबिअर्ड्स नावाच्या साधूंची हाक असते, आणि हे नायकाला समजतं ते नंतर, राजवाड्यात.

आता हेच भाजीच्या ठेल्यामागून पाहा. इरिलेथ आणि शिपाई घाईने वेशीकडे गेले, हे दिसलं असेल. कुठे गेले, ते कदाचित कुणी ओरडून सांगितलं असेल. मग बराच वेळ काहीच नाही. मग गडगडाट. पाऊस नाही, ढग नाहीत, तरी गडगडाट. मुलगी मिला दचकून आईला बिलगली असेल. त्यानंतर गेलेल्यांपैकी काही शिपाई परत आले, काही आले नाहीत. आत्मा शोषला जाताना तिथल्या शिपायांनी पाहिलं होतं, म्हणजे ती बातमी तिच्यापर्यंत येईल, पण संध्याकाळी, खानावळीतून, दोन-तीन तोंडांनी फिरून, अर्धी चुकीची होऊन.

आपल्याकडे बाजारात मासे घेऊन बसणाऱ्या बाईला समुद्रावर काय झालं हे असंच कळतं. होडी उशिरा लागली, टोपली हलकी आली, रोज मोठ्याने बोलणारा माणूस आज गप्प आहे. ती वादळाचं वर्णन करत नाही. ती टोपलीकडे बघते.

ही चूक पकडायची एक साधी रीत आहे. लिहिलेल्या प्रत्येक वाक्याच्या समासात तीनपैकी एक खूण करायची: पाहिलं, ऐकलं, किंवा अंदाज. चौथी खूण लागली तर ते वाक्य खेळाडूचं आहे. भाचीच्या पहिल्या दोन पानांत अशी अकरा वाक्यं निघाली. सगळी कापायची नसतात. बरीचशी ‘ऐकलं’मध्ये हलवता येतात, आणि हलवताना ती आपोआप बदलतात, कारण कुणाकडून ऐकलं हे लिहावं लागतं.

दुसरी अडचण मराठीतच येते, आणि ती मला इथे सगळ्यात महत्त्वाची वाटते. स्कायरिममध्ये नायक कोण हे खेळाडू ठरवतो: पुरुष किंवा बाई, दहा वंशांपैकी कोणताही. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ‘you’ म्हणून वेळ मारून नेता येते. मराठीत क्रियापदच चुगली करतं. आला की आली, हे पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं. भाचीने अर्ध्या गोष्टीत ‘आला’ लिहिलं होतं, अर्ध्या गोष्टीत ‘आली’, कारण ती स्वतः बाई-योद्धा घेऊन खेळते आणि लिहिताना मनात चित्र होतं जाहिरातीतल्या शिंगवाल्या शिरस्त्राणाचं.

यावर लोक ‘ड्रॅगनबॉर्न’ हे नाव सतत वापरतात. तिथे दोन तोटे होतात. लिंग तरीही ठरवावं लागतंच, आणि वर भाजीवाली बाई तिसऱ्या परिच्छेदातच बिरुदं देऊ लागते, जी तिला देण्याचं कारण नाही.

उपाय तिच्या धंद्यातच आहे. ठेल्यामागच्या बाईला समोरचा माणूस ‘नायक’ नसतो, तो गिऱ्हाईक असतो. आणि ‘गिऱ्हाईक’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे! गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक उभं राहिलं. चिखलानं माखलेलं, शिरस्त्राण न काढलेलं गिऱ्हाईक. ‘त्यानं’ म्हणताना वाचकाच्या मनात पुरुष येईल, तेव्हा तो सर्वनामाचा वापर कमी ठेवायचा, कर्ता पुन्हा लिहायचा. पण बाकी सगळं सांभाळलं जातं. शिवाय त्या एका शब्दाने तिची नजर ठरते. जग वाचवणारं माणूस तिच्यासाठी आधी मोजून पैसे देणारं किंवा न देणारं गिऱ्हाईक आहे. (‘ते माणूस आलं’ हे आमच्याकडे अगदी सहज बोललं जातं, तेही चालतं, पण गिऱ्हाईक जास्त चपखल बसतं.)

याच जागी तू-तुम्हीचा प्रश्न सोडवून टाकावा. कार्लोटा चिलखत घातलेल्या अनोळखी माणसाला ‘तुम्ही’ म्हणेल. फ्रालिया वयाने मोठी, तिलाही ‘तुम्ही’, पण प्रेमाचं. मिकाएल नावाचा गवई तिच्या मागे लागलेला आहे आणि त्याला ती वैतागलेली आहे, तर त्याला ‘तू’, तोही तुटक. हे मनात न ठरवता लिहायला बसलात तर दोन पानांनंतर सगळी माणसं एकाच आवाजात बोलायला लागतात, आणि ते कशामुळे झालं ते सापडत नाही.

तिसरी चूक: पात्राला कॅमेरा करून टाकणं. भाचीच्या पहिल्या मसुद्यात कार्लोटा उभी राहून नायकाकडे बघत होती, दुसरं काही करत नव्हती. तपासायला सोपं आहे. नायक जिथे जिथे येतो तो परिच्छेद झाका आणि उरलेलं वाचा. काही उरतं का? तिच्या वहीत हवामान उरलं.

पण गेमने कार्लोटाला बरंच दिलेलं आहे. ती मिलाला एकटीने वाढवते. लग्नाची मागणी घालणाऱ्या पुरुषांना ती कंटाळली आहे, आणि त्यात मिकाएल सगळ्यात वाईट. आणि शेजारच्या ठेल्यावर तर आख्खी गोष्ट बसलेली आहे: फ्रालियाचा मुलगा थोराल्ड बेपत्ता आहे. सगळे तो मेला म्हणतात, आई म्हणते जिवंत आहे. बॅटल-बॉर्न घराण्यातली माणसं भर बाजारात येऊन तिच्याशी वाद घालतात. खेळाडू हा वाद एकदा ऐकतो आणि पुढे जातो. कार्लोटाला दिवसभर त्याच बाईशेजारी उभं राहून कोबी विकायचा आहे.

मी भाचीला म्हटलं, ड्रॅगन बाजूला ठेव, गडगडाटाच्या दिवशी फ्रालिया काय करते ते लिही. तिने लिहिलं:

“गडगडाट झाला तशी सगळ्यांनी वर पाहिलं. फ्रालियाबाईंनी पाहिलं नाही. त्या वेशीकडे बघत होत्या. शिपाई परत येत होते, आणि त्या एकेकाचं तोंड बघत होत्या. शेवटचा आत आला तेव्हा त्यांनी अंगठ्या पुन्हा ओळीत मांडायला घेतल्या. त्या आधीच ओळीत होत्या.”

याला मी हात लावला नाही.

चौथी गोष्ट यंत्राची. गेमचं घड्याळ आपल्यापेक्षा वीसपट वेगाने चालतं, म्हणजे तिथला पूर्ण दिवस आपल्या 72 मिनिटांत संपतो. नकाशावर दूरच्या गावावर टिचकी मारली की खेळाडूला काही सेकंद लागतात, पण गेममधले तास पुढे सरकतात. खेळाडू म्हणतो, आत्ताच जाऊन आलो. ठेल्यावरून पाहिलं तर ते गिऱ्हाईक कित्येक दिवस दिसलं नव्हतं, आणि आता कपड्यांवर वेगळ्याच रंगाची माती आहे. हा वेळ लिहिताना परत द्यावा लागतो.

मग दुकानदाराच्या डोक्यावर बादली ठेवली की त्याला चोरी दिसत नाही, पेटीतले पैसे दोन दिवसांनी आपोआप भरतात, पात्रं तीच वाक्यं पुन्हा बोलतात, यांचं काय करायचं? माझा निकष असा: ही गोष्ट त्या जगातली दोन माणसं एकमेकांना सांगतील का? ड्रॅगन, फौजदार, खोलीचं भाडं, कारवाँ घेऊन येणारे खजीत व्यापारी, हे सगळं सांगतील. बादली सांगणार नाहीत. ती इंजिनाची फट आहे, सोडून द्या. पुन्हा पुन्हा बोललेली वाक्यं मात्र फेकू नका. कार्लोटा मिकाएलबद्दलची तक्रार प्रत्येक गिऱ्हाइकाला करते असं दाखवण्यापेक्षा, ती तक्रार तिला का करावी लागते आणि आजवर कुणी तिचं ऐकलं का, हे शोधलं तर त्याच वाक्यातून प्रसंग मिळतो.

कोकणातलं काही घालायचा मोहही आवरा. भाचीने एके ठिकाणी व्हाइटरनच्या बाजारात बांगडा आणला होता. शहर मैदानात आहे, समुद्र लांब आहे, आणि त्या जगात बांगडा नाहीच. आपल्याकडून न्यायची ती टोपलीकडे बघण्याची सवय, सुटे मोजणारी ओली बोटं, दुपारी उरलेल्या मालाचा भाव पाडताना होणारी चिडचिड. वस्तू त्या जगातल्याच राहू द्याव्या: कोबी, सफरचंद, लीक, बटाटा.

शेवट तिने दोनदा बदलला. आधी नायक जग वाचवतो आणि कार्लोटा टाळ्या वाजवते असा होता. तो उडाला, कारण जग वाचल्याचं तिला कुणी सांगायला आलेलंच नाही. आता शेवटी संध्याकाळ आहे. मिला उरलेले कोबी टोपलीत भरते आहे, शिरस्त्राणवालं गिऱ्हाईक बऱ्याच दिवसांनी येतं, एक सफरचंद घेतं, आणि फ्रालियाच्या ठेल्यापाशी जाऊन हळू आवाजात काहीतरी बोलतं. काय बोललं ते कार्लोटाला ऐकू येत नाही. फ्रालिया ठेला तसाच उघडा टाकून घराकडे पळत जाते, आणि कार्लोटा मिलाला म्हणते, “जा, त्यांच्या अंगठ्यांपाशी बस. कुणी आलं तर मला हाक मार.”