धड्याच्या पीडीएफवरून टिपण: आधी प्रश्न, मग शब्द, सारांश शेवटी

दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १’ मधला पहिला धडा घेऊ, ‘गुरुत्वाकर्षण’. बहुतेक मुलं पहिल्या पानापासून ओळी उतरवायला लागतात आणि धड्याचं सहा पानी टिपण होतं. मी उलट्या क्रमाने जायला सांगते.

पीडीएफ उघडल्यावर थेट शेवटच्या स्वाध्यायावर जा. तिथले प्रश्न वाचले की धड्यात काय शोधायचं ते कळतं. मग धडा एकदा सलग वाचा आणि जिथे उत्तर सापडेल तिथे समासात त्या प्रश्नाचा क्रमांक टाका. मराठी पीडीएफमधला मजकूर कॉपी केल्यावर कधीकधी जोडाक्षरं मोडतात किंवा भलतीच अक्षरं उमटतात. तसं झालं तर दुरुस्त करत बसू नका, हाताने लिहा.

आता शब्दसूची. तिच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण या धड्यातल्या चुका शब्दांच्या गोंधळातून होतात. प्रत्येक शब्दापुढे तीन गोष्टी हव्यात: स्वतःच्या शब्दांत अर्थ, एकक, आणि ज्याच्याशी त्याची गल्लत होते तो शब्द. उदाहरणार्थ:

वजन: पृथ्वी वस्तूला ज्या बलाने ओढते ते बल. एकक न्यूटन. गल्लत वस्तुमानाशी, त्याचं एकक किलोग्रॅम आणि ते जागेनुसार बदलत नाही.

g: गुरुत्व त्वरण. ध्रुवांवर सुमारे ९.८३ m/s², विषुववृत्तावर ९.७८ m/s². गल्लत G या गुरुत्व स्थिरांकाशी. तो सगळीकडे सारखाच.

‘गल्लत’ या रकान्यातूनच परीक्षेचे प्रश्न निघतात. वजन आणि वस्तुमान शेजारी आले की ‘फरक स्पष्ट करा’ तयार. त्यावरचं गणितही स्वतः बनवा: ६० किलो वस्तुमानाच्या माणसाचं पृथ्वीवरचं वजन ६० × ९.८ = ५८८ न्यूटन; चंद्रावर g साधारण सहावा भाग, म्हणून सुमारे ९८ न्यूटन. कारण विचारणारे प्रश्न सूत्राच्या मांडणीत सापडतात. मुक्तिवेगासाठी

```
½mv² = GMm/R
```

लिहिलं की दोन्हीकडचा m जातो. म्हणून ‘मुक्तिवेग वस्तूच्या वस्तुमानावर का अवलंबून नसतो?’ हा प्रश्न यादीत हवाच. स्वाध्यायातले प्रश्न जसेच्या तसे उतरवू नका. आकडे किंवा ग्रह बदला.

सारांश आता लिहा, एका पानात: केप्लरचे तीन नियम, न्यूटनचा नियम, g का बदलतो, मुक्त पतन, मुक्तिवेग. ‘माहीत आहे का तुम्हांला?’ सारख्या चौकटी आधी बाजूला ठेवा.

दोन दिवसांनी पीडीएफ बंद ठेवून फक्त या पानावरून आपले प्रश्न सोडवा. जो प्रश्न अडेल, त्याचं एक वाक्य सारांशात वाढवा. ज्या ओळीची एकाही उत्तराला गरज पडली नाही, ती खोडा.