सगळ्या तारखा चार वर्षं मागे? एक्सेलमध्ये या चुका टाळा

लातूरच्या एका आडत दुकानाचे हिशोब मी बघतो. सोयाबीनच्या हंगामात मालकांच्या भाच्याने बनवलेल्या जुन्या फाईलमधल्या नोंदी मी दुकानातल्या नव्या फाईलमध्ये कॉपी-पेस्ट केल्या. रकमा जशाच्या तशा आल्या, म्हणून पुढं काही बघितलं नाही. डिसेंबरात थकीत दिवस काढले, तर महिन्याभराच्या उधारीपुढं 1492 दिवस! मालक म्हणाले, "अहो, तेव्हा तर ह्या गिऱ्हाइकाशी आपला व्यवहारच नव्हता."

ती फाईल मूळची जुन्या मॅकवरच्या एक्सेलची होती. एक्सेल तारीख साठवतं ती दिवसांच्या आकड्याच्या रूपात. विंडोजवर ही मोजणी 1900 पासून चालते, जुन्या मॅकवर ती 1904 पासून चालायची. त्यामुळं 20 नोव्हेंबर 2023 म्हणजे एकीकडं 45250, तर दुसरीकडं 43788. फरक बरोबर 1462 दिवसांचा, म्हणजे चार वर्षं आणि वर एक दिवस. पेस्ट करताना 43788 हा आकडा तसाच आला आणि आमच्या फाईलनं तो 19 नोव्हेंबर 2019 म्हणून दाखवला.

पहिली चूक म्हणजे मॅकला दोष देऊन मोकळं होणं. मॅकवरचं एक्सेलही 2011 च्या आवृत्तीपासून नवी फाईल 1900 पासूनच मोजतं. पण ही निवड कॉम्प्युटरची नसते, त्या त्या फाईलची असते. जुनी फाईल कितीही वेळा कॉपी करून वापरा, 1904 ची खूण तिच्यासोबत येते. म्हणूनच ती नुसती उघडली तर सगळं ठीक दिसतं. घोळ होतो नोंदी दुसऱ्या फाईलमध्ये नेल्या की, किंवा फॉर्म्युल्यानं एक फाईल दुसरीला जोडली की.

दुसरी चूक माझीच. आमच्या रजिस्टरात जागा वाचवायला तारीख फक्त दिवस-महिना अशी दिसायची. त्यामुळं 20-11 चं 19-11 झालेलं दिसलं आणि मला वाटलं, पोरानं एक दिवस चुकवला असेल. वर्ष दिसत नसेल तर चार वर्षांची चूक एका दिवसाएवढी भासते. शिवाय वारही सरकतो: 20 नोव्हेंबर 2023 ला सोमवार होता, चुकीच्या तारखेला मंगळवार येतो. दोन तारखांमधला फरक मात्र बरोबरच निघतो, कारण दोन्ही सारख्याच सरकलेल्या असतात. आजच्या तारखेशी ताडून बघितलं तरच बिंग फुटतं.

फाईल कोणत्या मोजणीची आहे ते कळायला रिकाम्या सेलमध्ये हे लिहा:

```
=DATE(2024,1,1)=45292
```

`TRUE` आलं तर 1900, `FALSE` आलं तर 1904. नोंदी हलवायच्या आधी दोन्ही फाईलींत बघा.

तिसरी चूक सगळ्यात महागाची. तारखा चुकल्या म्हणून `File > Options > Advanced` मध्ये जाऊन `Use 1904 date system` वर टिक करणं. त्यानं पेस्ट केलेल्या नोंदी सुधारतात, पण आधीच्या बरोबर असलेल्या तारखा चार वर्षं पुढं पळतात. उणे वेळेच्या जागी ##### दिसतं म्हणूनही काही जण ही टिक लावतात, परिणाम तोच.

आता दुरुस्ती. आधी फाईलची एक प्रत ठेवा. रिकाम्या सेलमध्ये 1462 लिहून ठेवा. मग फक्त बिघडलेल्या तारखांचे सेल निवडून `F5 > Special > Constants` घ्या आणि त्यात `Numbers` एवढंच टिक ठेवा. रिकामे सेल आणि फॉर्म्युले बाजूला राहतात की नाही ते नीट बघून त्या सेलांना एखादा रंग द्या. नंतर 1462 कॉपी करा, रंगवलेल्या तारखा निवडा आणि `Paste Special` मध्ये `Values` व `Add` घ्या. `Values` विसरलात तर तारखेच्या जागी नुसते आकडे दिसतील आणि रंगही जाईल. तारखा उलट पुढं सरकल्या असतील तर `Add` ऐवजी `Subtract`.

रंगवायची पायरी मी पहिल्यांदा गाळली. रिकाम्या सेलांत 01-01-1904 उमटलं, आणि `=A2+30` असली देय तारीख दुहेरी सुधारून 2027 मध्ये गेली. मूळ तारीख सुधारली की ती आपोआप सुधारते, तिला हात लावायचाच नसतो. शेवटी कागदी हिशोबपट्ट्यांशी चार-पाच तारखा पडताळल्या, आणि मगच मालकांना थकबाकीची यादी दिली.