लेखकानं मान्य केलेलं म्हणजे लेखकाचं मत नव्हे: वैचारिक निबंध वाचताना या चुका टाळा

साताऱ्यात स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसणारी मुलं उताऱ्यावरचे प्रश्न सोडवतात तेव्हा शब्द अडले म्हणून फार कमी वेळा चुकतात. बहुतेकदा उत्तर हुकतं ते कोणतं वाक्य कोणाच्या बाजूनं लिहिलंय हे न कळल्यामुळे. कऱ्हाडजवळच्या टेंभूत 1856 साली जन्मलेल्या आगरकरांचे निबंध वाचायला घेतले तरी हीच अडचण येते. उदाहरणासाठी त्याच धाटणीच्या विषयावर मी एक छोटा उतारा रचला आहे. तो सावकाश वाचा.

"परंपरा म्हणजे पूर्वजांच्या अनुभवाचा साठा, असे म्हणतात. ते काही अंशी खरेही आहे. पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या रूढीमागे काहीतरी उपयुक्तता असणारच. परंतु टिकणे म्हणजे योग्य असणे नव्हे. जी रूढी काल उपयोगी पडली ती आज उपयोगी आहे का, हे आजच्या गरजेवरूनच ठरवावे लागेल. याचा अर्थ प्रत्येक रूढी मोडावी असा नाही. मोडण्याचे कारण जसे द्यावे लागते, तसे पाळण्याचेही द्यावे लागेल, इतकेच."

पहिली चूक म्हणजे ठसक्यात आलेलं वाक्य लेखकाचं मत समजणं. इथे पेन्सिल सगळ्यात आधी 'असणारच' खाली फिरते आणि लेखक परंपरेचा समर्थक ठरतो. पण त्याआधीचे दोन शब्द बघा. 'म्हणतात' म्हणजे हे बोलणं लोकांचं आहे. 'काही अंशी' म्हणजे त्यातला एक भाग लेखकाला मान्य आहे. चांगला लेखक समोरच्याची बाजू लेचीपेची करून मांडत नाही. आपल्या शास्त्रचर्चेतही पूर्वपक्ष आधी नीट मांडायचा आणि मगच त्याला उत्तर द्यायचं, ही रीत होतीच. त्यामुळे वाक्यात जोर किती आहे यापेक्षा ते कोणाचं आहे, हे आधी विचारा. समासात तीनच खुणा करा: लोकांचं म्हणणं असेल तिथे 'लो', लेखकानं मान्य केलेलं असेल तिथे 'मा' आणि त्याचं स्वतःचं असेल तिथे 'ले'. या उताऱ्यात पहिल्या वाक्याला 'लो', दुसऱ्या-तिसऱ्याला 'मा' आणि 'परंतु'पासून पुढे सगळं 'ले' येतं.

दुसरी चूक याच्या अगदी उलटी आहे. 'परंतु' दिसला की आधीचं सगळं खोडलं गेलं असं धरायचं, आणि लेखकाला रूढी नकोच आहेत असं लिहून मोकळं व्हायचं. पण पाचवं वाक्य बघा. 'काल उपयोगी पडली' हे लेखक तिथे पुन्हा धरून चालला आहे. म्हणजे दिलेली कबुली त्यानं मागे घेतलेली नाही. उपयुक्तता होती हे त्याला मान्यच आहे. तेवढ्यावरून आजचा निर्णय होतो, हे त्याला मान्य नाही. 'परंतु'नं तथ्य नाकारलंय की त्यातून काढलेला निष्कर्ष, हे दर वेळी तपासा. वैचारिक निबंधात बहुतेकदा निष्कर्षच नाकारलेला असतो.

शेवटची दोन वाक्यं वाचून बरेच जण 'लेखकाची भूमिका समन्वयाची आहे' असा पर्याय निवडतात, आणि ही चूक सगळ्यात फसवी आहे. 'असा नाही' आणि 'इतकेच' या शब्दांनी लेखक मवाळ झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात 'याचा अर्थ… असा नाही' हे फक्त गैरसमजाला घातलेलं कुंपण आहे. मुख्य विधान त्याच्या पुढे येतं. रूढी पाळणाऱ्यानंही कारण द्यायला हवं, ही मागणी मोठी आहे. 'पूर्वापार चालत आलंय' एवढं उत्तर त्यापुढे पुरत नाही. खात्री करायची असेल तर समजा, उद्या कोणी म्हणालं, "जुनी पद्धत आहे, कारण कशाला विचारता?" तर हा लेखक गप्प बसेल का? बसणार नाही. मग तो मधोमध उभा नाही.

हे सगळं 'परंतु', 'तथापि' असे शब्द समोर असताना जमतं. ते नसतात तेव्हा मात्र वाक्याच्या शेपटाकडे लक्ष ठेवा. 'हा युक्तिवाद आकर्षक आहे खरा' यातला शेवटचा 'खरा' म्हणजे कबुलीच असते. उलटी बाजू पुढच्या परिच्छेदात आली तरी ती येणार हे तिथेच कळतं. 'जरी… तरी' असेल तर वजन 'तरी'नंतरच्या भागाला द्या. कधी वळण नुसत्या प्रश्नातून घेतलेलं असतं: 'मग जुने तेवढे सोनेच म्हणायचे काय?' अशा प्रश्नाचं अपेक्षित उत्तर 'नाही' असतं, म्हणून त्याला 'ले' अशी खूण करा आणि प्रश्नाच्या जागी 'नाही' घालून पुढचं वाक्य जोडून बघा. जोडलं गेलं नाही, तर तो प्रश्न लेखकाचा नसून त्याच्या विरोधकाचा असण्याचा संभव आहे. मग दोन वाक्यं मागे जाऊन 'म्हणतात', 'काहींच्या मते' असं काही सुटलंय का ते शोधा.