वजा आकडा दिसला की लगेच शून्य करू नका: एकूण आकड्यांवरून रोजचा फरक काढताना होणाऱ्या चुका

रोज वाढत जाणारा एकूण आकडा हातात आला की आजच्यातून कालचा वजा करायचा, एवढंच काम आहे असं सगळ्यांना वाटतं. एखाद्या दिवशी उत्तर वजा येतं, नवशिक्या दचकतो आणि पुढची ओळ लिहितो: `clip(lower=0)`. आलेख छान दिसतो, आकडे मात्र तिथून पुढे खोटे असतात.

का, ते स्पेनच्या उदाहरणावर पाहू. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कोविड फायलींवर हात साफ केलेल्या प्रत्येकाला ही घसरण कधी ना कधी भेटली असेल. 24 मे 2020 ला स्पेनमधल्या एकूण मृत्यूंचा आकडा होता 28,752. दुसऱ्या दिवशी तो झाला 26,834. तिथल्या आरोग्य मंत्रालयाने प्रांतांकडून नुसत्या बेरजा घेण्याऐवजी एकेका रुग्णाची नोंद तपासून घ्यायला सुरुवात केली होती, त्यात दुबार नोंदी आणि कोविड सिद्ध न झालेले मृत्यू गळाले. फरक आला उणे 1,918.

आता हा दिवस शून्य केला तर काय होतं? रोजच्या आकड्यांची बेरीज मूळ एकूण आकड्यापेक्षा 1,918 ने जास्त येते आणि शेवटपर्यंत जास्तच राहते. जे मृत्यू स्रोताने स्वतः मागे घेतले ते तुमच्या एप्रिलमध्ये अजून मोजलेलेच आहेत. म्हणून साफसफाईनंतर रोजच्या आकड्यांची बेरीज करून ती शेवटच्या एकूण आकड्याशी ताडून पाहायचीच. ही एक ओळ लिहायचा कंटाळा करणाऱ्यांनी निदान आलेख तरी कुणाला पाठवू नये.

दुसरी लाडकी पळवाट म्हणजे शेवटाकडून मागे येत आतापर्यंतचा किमान आकडा धरत जायचा. बेरीज जुळते, वजा काही उरत नाही, कोडही एका ओळीचं. पण स्पेनचा आकडा 26,834 च्या आसपास मेच्या दुसऱ्या आठवड्यातच पोचला होता. या पद्धतीत तिथून 25 मेपर्यंतचा सगळा आकडा सपाट होतो, म्हणजे सुमारे दोन आठवडे स्पेनमध्ये एकही मृत्यू नाही! दुबार नोंदी मार्च-एप्रिलच्या गर्दीतही झाल्या असणार, आणि कापले मात्र मेचे दिवस.

माझी सवय अशी: घट आधीच्या सगळ्या दिवसांवर त्यांच्या आकाराच्या प्रमाणात वाटायची. त्यात एक खाच आहे, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. उणे 1,918 हा निव्वळ फरक आहे. त्या दिवशीही काही नवे मृत्यू झालेच असतील, ते या आकड्यात लपलेत. म्हणून आधी त्या दिवसाचा अंदाज घ्यायचा, मी आधीच्या सात दिवसांचा मध्यक घेतो. समजा तो 70 आला. मग 24 मेपर्यंतची बेरीज 26,834 − 70 = 26,764 असायला हवी. आधीच्या प्रत्येक दिवसाला 26,764 ÷ 28,752, म्हणजे 0.931 ने गुणायचं. 2 एप्रिलला 950 मृत्यू जाहीर झाले होते, त्यांचे 884 होतात. 25 मेला 70 ठेवायचे. बेरीज जुळते आणि लाटेचा आकारही टिकतो. हे आकडे अंदाजाचे आहेत, म्हणून ते वेगळ्या स्तंभात ठेवायचे. मूळ स्तंभाला हात लावायचा नाही.

स्रोताने सुधारलेली जुनी मालिका दिली असेल तर हा खटाटोप करूच नका. ब्रिटनने 12 ऑगस्ट 2020 ला चाचणीनंतर 28 दिवसांच्या आतले मृत्यू मोजायचं ठरवलं आणि एकूण आकडा 46,706 वरून 41,329 वर आला. ही व्याख्याच बदलली होती. अशा वेळी नवी मालिका पहिल्या दिवसापासून घ्यायची. जुनी अर्धी आणि नवी अर्धी यांची गोधडी शिवायची नाही.

आता रिसेट. इथे बरोबर उलटी चूक होते. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की त्याचा काउंटर शून्यापासून मोजू लागतो: काल 9,84,310, आज 1,240. फरक वजा, पण इथे कुणी काही मागे घेतलेलं नाही. आजची वाढ किमान 1,240 आहे. ‘किमान’ म्हणायचं, कारण शेवटची नोंद आणि बंद पडणं यांमधली वाढ हरवली. सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोमिथियस या साधनातली `rate()` आणि `increase()` ही फंक्शनं हेच गृहीत धरतात: आकडा खाली आला म्हणजे रिसेट झाला. काउंटरला ते योग्यच आहे. पण स्पेनची मालिका त्याच तर्काने चालवली तर 25 मेच्या एका दिवसात सुमारे 26,834 मृत्यू दिसतील. खाली येऊ शकणाऱ्या आकड्याला `delta()` वापरायचं.

मग ओळखायचं कसं? घसरण झाल्यावर आकडा कुठे जाऊन थांबला ते पाहायचं. स्पेन जुन्या आकड्याच्या 93 टक्क्यांवर थांबला, ती दुरुस्ती. सर्व्हर शून्याजवळ आला, तो रिसेट. आकडा दहाव्या हिश्श्याखाली गेला की मला रिसेटचा संशय येतो, पण संशयच. स्रोताची टीप वाचल्याशिवाय शिक्का मारायचा नाही. आणि दुसऱ्या दिवशी आकडा पुन्हा जुन्या पातळीवर आला तर ती टंकनाची चूक असते. ती एक नोंद रिकामी करायची, वाटप वगैरे काही नाही.

मीटर बदलला असेल तर शून्य गृहीत धरू नका. सोसायटीच्या जुन्या मीटरवर काल 18,452 होते, काढताना 18,467. नवा मीटर 2 वर बसवला, संध्याकाळी 24 दाखवतो. वापर 15 + 22 = 37 युनिट. काढतानाचा आकडा लिहून घेतला नसेल तर ते 15 गेले.

बाकीच्या चुका वजाबाकीच्याही आधी होतात, म्हणून पायथनच्या `pandas` मध्ये ही चार ओळींची सुरुवात:

```python
df["date"] = pd.to_datetime(df["date"], format="%m/%d/%y")
df = df.sort_values(["place", "date"])
df["daily"] = df.groupby("place", dropna=False)["total"].diff()
print(df[df["daily"] < 0])
```

तारखा मजकूर म्हणून ठेवल्या तर `5/10/20` हा `5/2/20` च्या आधी लागतो. गट न पाडता `diff()` केलं तर एका देशाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीतून वजा होतो. गटात `Province/State` घेतलात तर स्पेनचा तो रकाना रिकामा आहे, आणि `dropna=False` नसेल तर त्याच्या रोजच्या आकड्यांच्या जागी फक्त `NaN` येतं. सुट्टीच्या दिवशी नोंद नसेल तिथे `fillna(0)` केलं तर आधी प्रचंड उणे आणि मग तेवढंच अधिक. रिकामं ते रिकामंच ठेवा, पण `diff()` च्या आधी त्या ओळी बाजूला काढा, नाहीतर पुढचा फरकही `NaN` येतो. मग तो फरक दोन दिवसांचा आहे असं लिहा.

आणि फक्त वजा आकडे शोधणाऱ्यांसाठी: 16 जून 2020 ला महाराष्ट्राने आधी न मोजलेले 1,328 मृत्यू एकदम जोडले, त्यातले 862 मुंबईचे. तीही दुरुस्तीच आहे, फक्त वरच्या दिशेने, आणि `daily < 0` च्या जाळ्यात ती कधीच सापडणार नाही. तिच्यासाठी आधीच्या सात दिवसांच्या मध्यकाच्या पाचपट किंवा जास्त असलेले दिवस वेगळे काढून त्या दिवसाचं मूळ निवेदन वाचावं लागतं.